किल्ली कोणाच्या खिशात

अंगणातली किंवा घराशेजारची रिकामी जागा गाडी लावायला भाड्याने द्यायची म्हटले की पहिला प्रश्न विचारला जातो तो दराचा: महिन्याला किती घ्यायचे? या प्रकरणाचे म्हणणे असे, की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. आपण जागा वापरायला देतो आहोत, की दुसऱ्याची गाडी सांभाळायला घेतो आहोत? दोन्हींत गाडी त्याच कोपऱ्यात, त्याच माडाखाली उभी असते. पैसेही कदाचित तेवढेच मिळतात. पण गाडी चोरीला गेली, पेटली किंवा चेपली, तर पहिल्या व्यवहारात मालक बहुधा मोकळा राहतो आणि दुसऱ्यात त्याला उत्तर द्यावे लागते. कोणती गाडी घ्यायची, ती केव्हा आत-बाहेर करू द्यायची आणि किती पैसे मागायचे, हे सगळे या एका निवडीतून ठरत जाते.

रत्नागिरीहून पावसच्या पुढे, मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगडासारख्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा वेगळ्या रूपात येतो. शहरात जागा नाही म्हणून भाडे मिळते. किनारी गावात जागा भरपूर असते, पण ती घरापाशी नसते. घरे उतारावर दाटीने बसलेली आणि त्यांच्याकडे जाणारी वाट म्हणजे चिऱ्यांची पाखाडी. तिच्यावरून माणूस जातो, फार तर दुचाकी ढकलत नेता येते. मासळी किंवा आंबा वाहणाऱ्या पिकअपला, प्रवासी रिक्षाला, घरच्या मोटारीला रात्रीपुरती जागा हवी असते ती गाडीरस्त्याला लागून. रस्त्याकडेला अशी खळी असलेली कितीतरी घरे वर्षाचे बहुतेक महिने बंद असतात, कारण घरमालक मुंबईत, ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत नोकरीला. गणपतीला आणि मे महिन्यात घर उघडते, बाकी वेळ खळ्यात पाचोळा साठतो. एकाकडे रिकामी जागा आहे, दुसऱ्याकडे जागेवाचून गाडी आहे. व्यवहार तोंडी ठरतो आणि चालूही राहतो. तो कुठे फाटतो हे कळायला मात्र कायद्याच्या दोन जुन्या संकल्पना समजून घ्याव्या लागतात.

पहिली संकल्पना परवान्याची. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार, माझ्या जमिनीवर जी गोष्ट एरवी करता आली नसती ती करण्याची मुभा मी दुसऱ्याला देतो, पण जमिनीत त्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, तेव्हा तो परवाना होतो. हा कायदा मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला आणि लिव्ह अँड लायसन्स म्हणून आपण जो करार करतो त्याचा पाया हेच कलम आहे. दुसरी संकल्पना १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १४८ मधली, निक्षेपाची. वस्तू एका माणसाने दुसऱ्याच्या ताब्यात दिली, काम झाल्यावर ती परत मिळेल अशा बोलीवर, तर तो निक्षेप. कलम १५१ म्हणते की वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची काळजी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घेतली पाहिजे. परवान्यात जागेचा वापर दिला जातो आणि गाडी तिच्या मालकाच्याच ताब्यात राहते. निक्षेपात गाडीचाच ताबा जातो. मोटारीच्या बाबतीत ताबा कुठे आहे हे बहुतेक वेळा एका साध्या खुणेवरून ओळखता येते: किल्ली कोणाच्या खिशात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेला ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा निकाल या खुणेभोवतीच फिरतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या त्या हॉटेलात एक पाहुणा मारुती झेन घेऊन आला, गाडी आणि किल्ली दारातल्या माणसाकडे दिली आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा गाडी नव्हती. दुसऱ्या गाडीतून आलेल्या तिघांनी किल्ली उचलून ती नेली होती. गाडीच्या मालकाला विमा कंपनीने २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग ती रक्कम हॉटेलकडून वसूल करण्यासाठी कंपनी ग्राहक आयोगात गेली. हॉटेलचा बचाव असा, की पाहुण्याला दिलेल्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जोखमीवर उभी आहे असे छापलेले होते. न्यायालयाने तो मानला नाही. किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली म्हणजे निक्षेप झाला; गाडी परत देता आली नाही तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर येतो आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील ओळीने झटकता येत नाही, असे ते म्हणाले.

याच्या उलट बाजूचे जुने उदाहरण इंग्लंडमधले. ॲशबी विरुद्ध टॉलहर्स्ट या १९३७ च्या खटल्यात साउथएंड या समुद्रकाठच्या गावी एकाने एक शिलिंग भरून मोकळ्या वाहनतळावर मोटार लावली. तिथल्या माणसाने ती तिकीट न दाखवणाऱ्या परक्याला नेऊ दिली. तरीही अपील न्यायालयाने जागामालकाला जबाबदार धरले नाही. शिलिंग जागेच्या वापरासाठी होता, मोटार सांभाळायला दिलेलीच नव्हती, म्हणून ती सांभाळून परत देण्याचा करारही नव्हता. आपल्याकडचे एखादे ग्राहक न्यायालय इतके कठोर होईलच असे समजू नये. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याकडून अपेक्षा आता वाढल्या आहेत. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की सीमारेषा दिसते. जागेवर माणूस होता की नव्हता, पैसे किती घेतले, पाटी लावली होती की नाही, या गोष्टी दुय्यम ठरतात.

आता पूर्णगडच्या खळ्याकडे येऊ. खळे एकाच बाजूने उघडे असते आणि त्यात दोन गाड्या एकामागे एक लागतात. मागची पिकअप पहाटे तीनला निघणार असेल तर पुढची मोटार हलवायला कोणीतरी हवा. मग सहज तोडगा निघतो: मोटारीची किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवू, लागेल तेव्हा ते हलवतील. घरमालक डोंबिवलीत, काका त्याच्या वतीने किल्ली सांभाळतात, महिन्याला त्यांना काही सुटते. इथे कोणी लबाडी करत नाही आणि नेमके इथेच परवान्याचे रूपांतर निक्षेपात होते. काकांनी किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि कोणी ती नेली, तर प्रश्न विचारला जाईल तो घरमालकाला, कारण पैसे त्याने घेतले आणि काका त्याचा माणूस. एवढ्या लांबच्या घरमालकाने, आठवड्यात एकदाही न पाहिलेल्या गाडीसाठी, ही जोखीम का पत्करावी?

म्हणून पहिली खबरदारी कागदावर घेण्याआधी आखणीत घ्यावी लागते. किल्ली घ्यावी लागणार नाही अशा तऱ्हेने गाड्या लावता येतील तेवढ्याच घ्यायच्या. मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा हे बांधकाम नियमावलींतले सर्वसाधारण माप आहे. दार उघडून माणूस उतरला पाहिजे आणि मागे-पुढे हात फिरला पाहिजे, हे त्यात धरलेले आहे. दहा मीटर खोल खळ्यात एकामागे एक दोन गाड्या बसतात खऱ्या, पण मागची सुटायला पुढची हलली पाहिजे. पाच मीटर रुंद खळ्यात त्या शेजारी-शेजारी बसतात आणि दोघेही एकमेकांना न विचारता निघतात. खळे अरुंद असेल तर दुसरी गाडी नाकारणे हाच शहाणपणा. तिथे दोन दुचाक्या घ्याव्यात, त्या हाताने सरकवता येतात. किल्ली कोणाकडेच ठेवायची नाही, असा नियम करारात लिहिला पण प्रत्यक्षात काका गाडी हलवतच राहिले, तर न्यायालय कागदापेक्षा वहिवाट बघेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गाडीला विमा असतोच, मग एवढा घोर कशाला? या आक्षेपात दोन चुका आहेत. सक्तीचा असतो तो तिसऱ्या पक्षाचा विमा. गाडीने दुसऱ्याला इजा केली तर तो कामाचा. चोरी, आग किंवा माड पडून झालेले गाडीचे स्वतःचे नुकसान त्यात येत नाही. जुन्या पिकअपना आणि रिक्षांना पुष्कळदा तेवढाच विमा असतो. दुसरी चूक अधिक महत्त्वाची. सर्वंकष विमा असला तरी विमा कंपनी गाडीमालकाला पैसे देऊन त्याच्या जागी उभी राहू शकते आणि ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्यावर दावा लावू शकते. ताजच्या प्रकरणात तेच झाले. हॉटेलशी भांडायला विमा कंपनी उभी होती. गावातला गाडीवाला ओळखीचा असेल, भिडेखातर गप्प बसेल, पण कंपनीला भीड नसते. म्हणून करार करताना विम्याचा कागद बघायचा तो सर्वंकष आहे का एवढ्यासाठी, आणि जागामालकाने स्वतःच्या जबाबदारीचा हिशेब त्यातून वजा करायचा नाही.

गाडीचा ताबा घेतला नाही म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. जागेची जबाबदारी मालकाचीच राहते आणि तिची व्याप्ती १८८२ च्याच कायद्यात आहे. कलम ५७ सांगते की परवाना घेणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा जागेतला दोष मालकाला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो उघड केला पाहिजे. कलम ५८ सांगते की जागा धोकादायक होईल असे मालकाने काही करू नये. कोकणातल्या खळ्याला ही दोन कलमे लावून पाहिली की धोके एकेक करून समोर येतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा जमिनीखाली असतो. शौचालयाची टाकी बहुतेक घरांत अंगणातच खणलेली असते, वर काँक्रीटची लादी आणि तिच्यावर माती. वर्षानुवर्षे तिच्यावरून माणसे चालली, दुचाकी गेली, काही झाले नाही. लहान मोटारीचे वजन एक टनाच्या आसपास असते. भरलेली पिकअप तीन टनांच्या घरात जाते आणि त्यातला मोठा भार मागच्या दोन चाकांवर येतो. माणसांच्या वजनाच्या हिशेबाने ओतलेली लादी त्या चाकाखाली खचू शकते. टाकी कुठे आहे हे घरमालकाला माहीत असते, गाडीवाल्याला नसते. कलम ५७ ने वर्णन केलेली परिस्थिती हीच. लादीच्या चार कोपऱ्यांवर चिरे उभे करून ती जागा गाडीखालून वगळणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे.

दुसरा धोका गडग्याचा. उतारावरचे खळे पुष्कळदा खालच्या बाजूने चिऱ्यांच्या किंवा दगडांच्या गडग्याने धरून ठेवलेले असते, मध्ये चुना-सिमेंट नसते. पावसाळ्यात मागची माती पाणी पिऊन फुगते आणि गडग्याला बाहेर ढकलते. कोरड्या दिवसांत सरळ दिसणाऱ्या गडग्याला जुलैत पोट सुटलेले दिसले, वरच्या थरातले दगड हलायला लागले किंवा काठापासून हातभर आत जमिनीला लांबट भेग पडली, तर त्या काठाला जड गाडी लावणे थांबवले पाहिजे. काठापासून किती अंतर सोडायचे याचा ढोबळ अंदाज असा, की गडग्याची जेवढी उंची तेवढे अंतर चाकापर्यंत मोकळे ठेवावे. पाया कसा आहे हे न पाहता यापेक्षा कमी अंतराला होकार देऊ नये.

आणि माड. नारळ किंवा झावळ पडून काच फुटली तर ती कोणाची जबाबदारी, यावर खरे तर फार वाद होण्याचे कारण नाही; माड डोळ्यांसमोर उभा आहे, तो गाडीवाल्यालाही दिसतो, आणि त्याच्याखाली लावू नये हे सांगायला कायदा लागत नाही. प्रश्न येतो तो आजारी झाडाचा. ३ जून २०२० ला निसर्ग आले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. तशा वादळात धडधाकट माड मोडला तर ती कोणाची चूक म्हणता येत नाही. पण सोंड्या भुंग्याने पोखरलेला, शेंडा झुकलेला, बुंध्यातून तांबूस चिकट द्रव गळणारा माड मालकाने वर्षभर पाहिला आणि तोडला नाही, तर वादळाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. जागा देण्याआधी माडांवर पाडेली चढवून शेंडे बघून घेणे आणि त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवणे, हा स्वस्त पुरावा आहे.

आता कोणती गाडी घ्यायची हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे, कारण जमीन जेवढे पेलते तेवढेच घ्यायचे. चिऱ्याच्या कातळावर पिकअप चालेल. भरावाच्या मातीवर मोटारच बरी. टाकीजवळ फक्त दुचाकी. करारात गाडीचा नंबर लिहायचा, नुसता प्रकार नाही, म्हणजे आज मोटार ठरली आणि उद्या डंपर आला असे होत नाही. मासळीच्या पिकअपबद्दल एक जादा अट लागते. बर्फाचे खारट पाणी हौद्यातून गळत राहते. ते सिमेंटची फरशी खाते, लोखंडी फाटक गंजवते आणि वास शेजारच्या ओटीपर्यंत पोचवते. गाडी धुऊनच आत आणायची आणि धुण्याचे पाणी विहिरीकडे जाऊ द्यायचे नाही, ही अट पहिल्याच दिवशी सांगितली तर कोणाला खटकत नाही. तीन महिन्यांनी सांगितली तर भांडण होते. डिझेलची पिंपे, गॅसच्या टाक्या किंवा भरलेल्या आंबापेट्या रात्रभर गाडीत ठेवायच्या नाहीत, हेही लिहावे. पिंपे-टाक्यांमुळे आगीचा धोका बदलतो, आणि पेट्यांमुळे गाडीचे वजन.

येण्याजाण्याच्या नियमांत सर्वांत आधी हे बघावे की जागा देण्याचा हक्क एकट्याचा आहे का. कोकणातला सातबारा उघडला तर एका घरठाण्यावर भावाभावांची, चुलतभावांची आठ-दहा नावे सहज निघतात. त्यांतले कोणी पुण्यात, कोणी आखातात. गावात राहणारा किंवा किल्ली असलेला भाऊ परस्पर जागा देतो आणि गणपतीला जमलेली मंडळी विचारतात, हे पैसे कोणाला विचारून घेतलेस? भाडेकरूने वर्षभराचे आगाऊ दिले असतील तर तो मध्येच अडकतो. सगळ्या हिस्सेदारांची संमती एका कागदावर घेणे आणि पैसे कसे वाटायचे ते त्यावरच लिहिणे, एवढे केले की हा काटा निघतो. दुसरी गोष्ट वहिवाटीची. मागच्या घराची पाण्याला, देवळाला जाणारी वाट खळ्याच्या कडेने वर्षानुवर्षे चालू असेल, तर सलग वीस वर्षांच्या निर्वेध वापराने तो हक्क पक्का होऊ शकतो. गाडी ती वाट अडवत असेल तर दावा होईल तो खळ्याच्या मालकावर.

इथे एक गमतीचा विरोधाभास आहे. ज्या चाकरमान्याचे गावात खळे आहे त्याची मुंबईच्या सोसायटीतही एक पार्किंगची जागा असते आणि तीच त्याला जास्त मोलाची वाटते. पण नहालचंद लालूचंद विरुद्ध पंचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला सांगितले की इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. रेरा कायद्यानेही गॅरेजची व्याख्या छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा अशीच केली आहे. म्हणजे शहरातली ती आखलेली चौकट सदस्याला वापरायला मिळालेली असते; ती बाहेरच्याला भाड्याने देण्याआधी सोसायटीचे उपविधी बघावे लागतात आणि समितीला विचारावे लागते. हिस्सेदारांचा होकार असला तर गावच्या खळ्यावर मात्र अशी आडकाठी नाही.

मालक स्वतः गावी येतो त्या दिवसांचे काय, हा पूर्णगडातला खरा कळीचा मुद्दा. गणपतीचे दिवस, शिमगा आणि मे महिना या काळात त्याला स्वतःची गाडी लावायची असते आणि पाहुण्यांच्या गाड्याही येतात. करारात हे न लिहिता ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री पिकअपवाल्याला बाहेर काढले, तर कलम ६४ नुसार पैसे भरलेल्या पण मुदतीआधी, आपली चूक नसताना काढून टाकलेल्या परवानाधारकाला भरपाई मागता येते. म्हणून वर्षातले कोणते दिवस जागा मालकाची, हे आधीच लिहावे आणि त्या दिवसांचे पैसे घेऊ नयेत. गणपतीची तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा तारखेऐवजी सणाचे नाव आणि त्याआधी किती दिवस हे लिहिणे सोयीचे. मासळीच्या पिकअपचे वेळापत्रक याला छान जुळते. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, गाडी जागची हलत नाही आणि तिला छपराची गरज त्याच दिवसांत सर्वांत जास्त असते. गणपतीच्या सुमारास मासेमारी पुन्हा चालू झालेली असल्याने ती तशीही बाहेर फिरत असते.

राहिला दर. पूर्णगडात चालू दर किती, याचे एकच उत्तर देता येत नाही; पण तो कसा काढायचा ते दाखवता येते. समजा, रस्त्याकडेच्या खळ्यात चिऱ्याचे खांब आणि पत्र्याचे छप्पर घालून एका पिकअपपुरती शेड केली आणि तिला ७२,००० रुपये लागले. खाऱ्या हवेत पत्रा आणि त्याचे लोखंडी सांगाडे आठ वर्षे टिकले असे धरू. आठ वर्षे म्हणजे ९६ महिने, म्हणून महिन्याला ७५० रुपये नुसते छपराच्या झिजेचे. फाटकाचा दिवा, झाडलोट आणि किरकोळ डागडुजी यांचे १५० धरले तर ९०० रुपयांखाली शेड देणे म्हणजे पदरमोड. त्यावर १,२०० रुपये ठरले, तर वर्षाला हातात ३,६०० रुपये उरतात, तेही जागा एकही महिना रिकामी राहिली नाही तर. उलट शेड न बांधता मोकळे खळे ५०० रुपयांनी दिले, तर १५० वजा जाऊन वर्षाला ४,२०० उरतात. शेड बांधून जास्त कमावू, हा समज पुष्कळदा असा हिशेबात टिकत नाही. शिवाय नव्या शेडची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणीत होऊन घरपट्टी वाढते, आणि खाडी किंवा भरतीरेषेजवळ जागा असेल तर सीआरझेडची बंधने आडवी येतात.

आता याच ३,६०० शेजारी ताजच्या खटल्यातले २ लाख ८० हजार ठेवून पाहावेत. एका झेनची तेवढी भरपाई द्यायची झाली तर सत्त्याहत्तर वर्षांहून अधिक काळाची शिल्लक संपते. दर शंभर-दोनशेने वाढवून ही जोखीम भरून निघत नाही; ती घ्यायचीच असेल तर किल्ल्यांना कुलूपबंद पेटी, कोण केव्हा किल्ली घेतो याची सहीची वही, राखणदार आणि जबाबदारीचा विमा असा वेगळा धंदा उभा करावा लागतो आणि त्याचा दरही वेगळा लागतो. गडाखाली किंवा पलीकडे गावखडीच्या किनाऱ्याशी सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या तासावर लावून घेणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. तासाच्या व्यवहारात गाडीवाला अनोळखी, गर्दी जास्त आणि किल्ली मागण्याचा मोह मोठा असतो.

दुसरा आक्षेप गावपणाचा आहे: इथे सगळे ओळखीचे, शब्दावर चालते, कागद काढला तर विश्वास नाही असे वाटेल. ओळख असते हे खरेच, आणि म्हणूनच कागद लागतो. परक्याशी वाद झाला तर व्यवहार तुटतो. ओळखीच्याशी झाला तर व्यवहारासोबत बोलणेचालणेही तुटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा अनुसूचीत नावे असलेल्या ठिकाणांना लागू आहे, पण त्याच्या कलम ५५ मधला इशारा सगळीकडे कामाचा आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी ते कलम जागामालकावर टाकते, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का एवढेच आहे. महिना १,२०० रुपयांच्या अकरा महिन्यांच्या करारात, अनामत धरली नाही तर, पाव टक्का म्हणजे ३३ रुपये होतात. शुल्क पुढच्या टप्प्यापर्यंत वर ओढले गेले तरी खर्च तो नव्हेच.

कागदावर शेवटी काय लिहायचे ते व्यवहार कसा संपतो यावरून ठरते, आणि तिथे दोन चुका वारंवार होतात. भाडे थकले की फाटकाला कुलूप लावून गाडी अडवून ठेवायची, ही पहिली. करार कायद्यात वस्तू रोखून धरण्याचा हक्क कलम १७० ने दिला आहे तो वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च केलेल्याला, म्हणजे दुरुस्ती केलेल्या मेकॅनिकला. नुसती जागा देणाऱ्याच्या ताब्यात गाडी आलेलीच नसते; तो ती रोखून धरू शकत नाही, आणि रोखली तर बुडालेल्या धंद्याची भरपाई त्याच्याकडेच मागितली जाईल. त्याऐवजी तीन महिन्यांचे भाडे अनामत ठेवून, थकबाकी तेवढी झाली की परवाना संपला असे लिहावे. संपल्यावरही कलम ६३ नुसार गाडी आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. पंधरा दिवस असा आकडा आधीच घातला तर वाजवी म्हणजे किती यावर खल होत नाही. दुसरी चूक उदारपणातून होते. पिकअपवाला म्हणतो, खळ्यात चिखल होतो, मी माझ्या पैशाने काँक्रीट ओततो, पत्रा टाकतो. मालक लांबून फोनवर बरे म्हणतो. कलम ६० नुसार परवाना मालकाला केव्हाही रद्द करता येतो, पण घेणाऱ्याने त्या परवान्याच्या भरवशावर स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केले असेल तर तो रद्द करता येत नाही. म्हणजे पाचशे रुपये महिन्याचा पाहुणा, एका फोनवरच्या होकारामुळे, उठवता न येणारा वहिवाटदार होऊन बसतो. खळ्यात काँक्रीट हवे असेल तर ते मालकाने स्वतःच्या नावाच्या पावतीवर ओतावे आणि भाडे त्या मानाने वाढवावे.